‘तू मला आवडतोस’ म्हणजे नेमकं किती? स्वीडिश-फिनिशमधली कमी बोलणारी माया आणि तिचा अनुवाद

स्वीडिश किंवा फिनिश मालिका आता घरबसल्या दिसतात आणि त्या पाहताना एक प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आठ भाग झाले, दोघांनी एकमेकांसाठी काय काय सोसलं, आणि शेवटी तो तिला म्हणतो काय, तर खाली पाटी उमटते, ‘तू मला आवडतेस.’ त्यावर ती डोळे पुसते. आपण विचारात पडतो, की एवढ्याशा वाक्यावर रडण्यासारखं काय आहे? नोकरीनिमित्त स्टॉकहोम, गोथेनबर्ग किंवा हेलसिंकीला गेलेल्या मराठी माणसांनाही पहिली एक-दोन वर्षं हाच अनुभव येतो. सहकारी ‘तुझं काम काही वाईट नाही’ म्हणतो आणि आपण हिरमुसतो. प्रत्यक्षात त्याने मोठी शाबासकी दिलेली असते.

याला मराठीत अल्पोक्ती म्हणतात. अतिशयोक्तीच्या बरोबर उलट: आहे त्यापेक्षा कमी बोलायचं. पण नुसतं ‘ती माणसं कमी बोलतात’ एवढं सांगून काही उलगडत नाही. कमी शब्दांत जास्त माया कशी भरली जाते, हे वाक्याच्या रचनेत शोधता येतं, आणि अनुवादकाला ते शोधावंच लागतं. इथे परकी वाक्यं देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास दिली आहेत.

आधी शब्दांची उतरंड

स्वीडिशमध्ये ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ यासाठी ‘या एल्स्कार देय’ असं वाक्य आहे. ‘एल्स्का’ म्हणजे प्रेम करणं. हा शब्द जड आहे, आणि जुन्या पिढीतली कित्येक माणसं तो आयुष्यात मोजक्या वेळा उच्चारत. त्याच्या खाली ‘हॉला आव’ आहे. शब्दशः ‘धरून असणं’, अर्थाने माया असणं. आजी-नातवंडं, जुने मित्र, भावंडं यांच्यात शोभणारा. त्याच्या खाली रोजच्या वापरातला ‘त्युका ऑम’, म्हणजे आवडणं. कॉफी आवडते, शिक्षिका आवडते, बायको आवडते, सगळ्याला हाच. आणि सर्वांत खाली ‘यिल्ला’, गाणं किंवा फोटो आवडला तर म्हणतात तो.

फिनिशमध्येही अशीच उतरंड आहे. वर ‘राकास्ता’, म्हणजे प्रेम करणं. मध्ये ‘पितॅ’, म्हणजे आवडणं. याच क्रियापदाचा मूळ अर्थ ‘धरणं, ठेवणं’ असा आहे. बोलीत ‘पितॅ’च्या जागी ‘त्युकॅतॅ’ येतो. हा शब्द स्वीडिश ‘त्युका’वरून फिनिशमध्ये आला. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता, त्यामुळे अशी देवाणघेवाण खूप झाली. ‘मॅ त्युक्कॅन सुस्ता’ म्हणजे ‘मला तू आवडतेस’. शाळकरी पोरगंही हे म्हणतं आणि सत्तरीचा म्हाताराही.

नवख्या अनुवादकाची पहिली चूक इथेच होते. तो कोश उघडतो, ‘त्युका ऑम’समोर ‘आवडणे’ सापडतं आणि काम झालं असं त्याला वाटतं. शब्द बरोबर असतो, पण त्याचं वजन कळलेलं नसतं.

हलका शब्द जड कसा होतो

सोनाराचा काटा आठवा. त्यावर एक गुंज ठेवली तरी काटा झुकतो. तीच गुंज धान्याच्या वखारीतल्या काट्यावर टाकली तर तो हलतही नाही. गुंज तीच, काटा वेगळा. स्वीडिश किंवा फिनिश माणूस भावनेचे शब्द सोनाराच्या काट्यावर तोलतो. वरचा जड शब्द क्वचित वापरल्यामुळे खालच्या शब्दांवर जबाबदारी येते. एखादा माणूस भावनेचं काही बोलतच नसेल, तर त्याने ‘आवडतेस’ एवढं म्हणणंसुद्धा पाऊल उचलल्यासारखं असतं.

कौतुकाचंही तसंच. ‘चांगलं आहे’ यासाठी स्वीडिश माणूस ‘इन्ते सो दुम्त’ म्हणतो, म्हणजे ‘तितकं मूर्खपणाचं नाही’. फिनिश माणूस म्हणतो ‘एय हास्सुम्पी’, साधारण ‘याहून वेडगळ नाही’. दोन्ही ठिकाणी नकारातून होकार काढला आहे, आणि दोन्ही वाक्यं पसंतीची आहेत. आपल्याकडे एसटी स्टँडवर मुलीला सोडायला आलेला बाप ‘पैसे आहेत ना?’ एवढंच विचारतो, तेव्हा तिला त्यातलं बाकीचं ऐकू येतं. फरक इतकाच, की आपल्याकडे आई, आत्या, मावशी उरलेलं मोठ्याने बोलून टाकतात. तिकडे बहुधा सगळं घरच बापासारखं बोलतं.

‘त्युका ऑम’मध्ये आणखी एक सापळा आहे. बोलताना जोर ‘ऑम’वर दिला तर ‘आवडणं’, आणि जोर ‘त्युका’वर दिला तर ‘एखाद्याविषयी मत असणं’. लिहिताना जोर दिसत नाही. वाक्याची घडण पाहावी लागते. ‘त्याला तिच्याविषयी काय वाटतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं’ आणि ‘त्याला ती किती आवडते हे कुणालाच ठाऊक नव्हतं’ या दोन वाक्यांत स्वीडिशमध्ये क्रियापद एकच असतं. ‘काय’ आहे की ‘किती’, एवढ्यावर सगळं ठरतं. घाईत वाचणारा पहिल्याचं दुसरं करतो आणि नुसत्या कुतूहलाची प्रेमकथा होते.

एक चिमुकला शब्द, समुद्राचे दोन काठ

मायेचं वजन क्रियापदापेक्षा पुष्कळदा शेजारच्या बारक्या शब्दात असतं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे स्वीडिशमधला ‘नूग’.

स्वीडनमध्ये ‘नूग’ म्हणजे ‘बहुधा, वाटतं’. ‘या त्युकेर नूग ऑम देय’ याचा तिथला अर्थ ‘तू मला आवडतोस वाटतं’. बोलणारा स्वतःच्या मनाचा अंदाज घेतो आहे, जरा संकोचून. पण स्वीडिश ही फक्त स्वीडनची भाषा नाही. फिनलंडच्या लोकसंख्येत सुमारे 5 टक्के लोकांची ती मातृभाषा आहे, मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर. तिथे ‘नूग’चा अर्थ उलटा: ‘नक्की, आहेच’. फिनिशमधल्या ‘क्युल्लॅ’ या होकाराच्या शब्दासारखं त्याचं काम चालतं. म्हणून फिनलंडमधली स्वीडिशभाषक बाई ‘नूग त्युकेर या ऑम देय’ म्हणाली, तर ती शंका घेत नाहीये. ‘असं कसं म्हणतोस, आवडतोस की तू मला’ असं ती बजावते आहे.

म्हणजे एकाच चिमुकल्या शब्दाने स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताच्या एका काठावर संकोच होतो आणि दुसऱ्या काठावर ग्वाही. बोलणारं पात्र कुठलं, हे अनुवादकाला आधी माहीत हवं. नाहीतर चाळीस वर्षांच्या संसारानंतरची ग्वाही ‘बहुतेक आवडतोस’ अशी उतरते, आणि वाचकाला वाटतं, बाईला अजून खात्री नाही.

इथे मराठीचं भाग्य मोठं आहे. इंग्रजीला या ‘नूग’साठी पूर्ण शब्द खर्च करावा लागतो आणि तो वाक्यात उठून दिसतो. आपल्याकडे ‘की’, ‘ना’, ‘हो’, ‘च’, ‘बरं’ ही फौज हाताशी आहे. ‘आवडतोस वाटतं’, ‘आवडतोस की’, ‘आवडतोसच’, ‘आवडतोस बरं का’. क्रियापद हललं नाही, आवाज चढला नाही, पण छटा चार झाल्या. माझ्या मते स्वीडिश-फिनिश माया मराठीत आणायचं सर्वांत चांगलं साधन हेच आहे, आणि ‘प्रेम’, ‘जीव’, ‘काळीज’ यांच्याकडे धाव घेण्याआधी ते वापरून पाहायला हवं.

‘मी’ नसलेलं वाक्य

फिनिशमध्ये आणखी एक लकब आहे. भावना सांगायची पण ती कुणाची हे सांगायचं नाही. ‘सिनुन कान्सासी ओन ह्युव्हॅ ओल्ला’, शब्दशः ‘तुझ्यासोबत असणं चांगलं आहे’. यात ‘मी’ नाही, ‘मला’ही नाही. चांगलं कुणाला वाटतं, ती जागा मोकळी सोडली आहे. पण फिनिश कानाला हे वाक्य फार जवळचं आहे.

स्वीडिशमध्येही निरोप देताना म्हणतात ‘देत ब्लीर तुम्त एफ्तेर देय’, म्हणजे ‘तू गेल्यावर रिकामं होईल’. घर की मन, सांगितलेलं नाही.

अशी वाक्यं मराठीत जवळपास जशीच्या तशी बसतात. ‘तुझ्यासोबत बरं वाटतं.’ यातही ‘मला’ गळलेलं आहे आणि वाक्य अडत नाही. अनुवादकाने फक्त एक मोह टाळायचा, तो म्हणजे ‘मला’ परत घालण्याचा. ‘मला तुझ्यासोबत खूप छान वाटतं’ असं केलं, की बोलणाऱ्याने मुद्दाम रिकामी ठेवलेली खुर्ची आपण भरून टाकतो. ‘बरं’ हा शब्दही इथे नेमका आहे. तो ‘छान’पेक्षा खालचा आहे, आणि आजारातून उठल्यावरही आपण ‘बरं’च म्हणतो, त्यामुळे त्यात सुटकेचा एक श्वास आहे.

निरोपाच्या वाक्याला मात्र मराठीत एक गोड फसवणूक वाट पाहते. ‘तू गेल्यावर घर खायला उठेल.’ वाक्प्रचार अस्सल आहे, जिभेवर लगेच येतो, पण तो काटा एकदम खाली आपटतो. मूळ वाक्य सपाट आहे. ‘तू गेलास की रिकामं रिकामं वाटेल’ यावर थांबायला हवं. ‘रिकामं’ची द्विरुक्ती तरी ठेवायची का, यावर वाद होऊ शकतो, बोलणारा पुरुष फार अबोल असेल तर तीही काढावी.

एक प्रसंग, चार मसुदे

आता सगळं एकत्र करून पाहू. हा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे. फिनलंडचा पश्चिम किनारा, स्वीडिशभाषक जोडपं, दोघं सत्तरीच्या पुढे. ती दहा दिवस रुग्णालयात होती, आज घरी आली. जानेवारी आहे. स्वयंपाकघरातली लाकडाची चूल पेटलेली आहे आणि चुलीजवळ तिचे लोकरी मोजे ऊब घ्यायला ठेवले आहेत. संवाद एवढाच:

‘दू हार एल्दात.’ (तू जाळ केला आहेस.)
‘यू.’ (हो.)
‘नूग त्युकेर या ऑम देय.’
‘यू, यू. काफेत काल्नार.’ (हो, हो. कॉफी गार होतेय.)

पहिला मसुदा कोशाबरहुकूम: ‘तू जाळ केला आहेस.’ ‘हो.’ ‘मला तू नक्कीच आवडतोस.’ ‘हो, हो. कॉफी गार होतेय.’ तिसरं वाक्य इथे घसरतं. मराठीत ‘मला तू आवडतोस’ या क्रमात, परक्या स्त्री-पुरुषांत म्हटलं, की ती प्रेमाची पहिली कबुली होते. कॉलेजच्या कट्ट्यावरचं वाक्य सत्तरीच्या बाईच्या तोंडी आलं. हा सापळा खास मराठीतला आहे, कारण आपलं ‘आवडणं’ माणसाबाबत बहुधा सुरुवातीला येतं. संसार झाला की ते मागे पडतं. स्वीडिश ‘त्युका ऑम’ आयुष्यभर चालतं.

दुसरा मसुदा, हे ओळखून घाबरलेल्या अनुवादकाचा: ‘किती जीव आहे माझा तुझ्यावर!’ ‘हो, हो. कॉफी गार होतेय.’ आता तिचं वाक्य उंच गेलं आणि त्याचं उत्तर तिथेच राहिलं. त्यामुळे म्हातारा एकदम उर्मट वाटायला लागला. मूळ संवादात तो उर्मट नाही. तिने जेवढं दिलं तेवढंच, त्याच मापात, तो कॉफीच्या रूपाने परत देतो. एक वाक्य चढवलं की शेजारचं वाक्य बिघडतं. अनुवाद चुकला आहे हे ओळखायची खूण हीच: उत्तर अचानक कोरडं किंवा तुटक वाटायला लागलं, तर बहुधा आधीचं वाक्य जास्त फुगलेलं असतं.

तिसरा मसुदा समजूतदार आहे: ‘चूल पेटवून ठेवलीस.’ ‘हं.’ ‘चांगला आहेस हो तू.’ ‘हं, हं. कॉफी गार होतेय.’ घरगुती झालं, ताल बसला. पण ‘चांगला आहेस’ हे त्याच्या स्वभावाचं प्रमाणपत्र झालं. शेजाऱ्यालाही ते देता येतं. तिच्या मनात त्याच्याविषयी काय आहे, ते निघून गेलं.

चौथा मसुदा:
‘चूल पेटवून ठेवलीस.’
‘हं.’
‘आवडतोस की तू मला.’
‘हं. कॉफी गार होतेय.’

पहिल्या मसुद्यातलंच क्रियापद इथे परत आलं आहे, पण वाक्य उलटं केलं आहे. ‘मला तू आवडतोस’ ही घोषणा आहे, ‘आवडतोस की तू मला’ हे कुठल्यातरी न बोललेल्या शंकेला दिलेलं उत्तर आहे. क्रियापद पुढे आल्याने आणि ‘की’ लागल्याने कबुलीचा वास गेला आणि ग्वाही आली, म्हणजे मूळच्या ‘नूग’चंच काम झालं. ‘तू जाळ केला आहेस’ऐवजी ‘चूल पेटवून ठेवलीस’ घेतलं, कारण ‘ठेवलीस’मध्ये ‘माझ्यासाठी, मी यायच्या आत’ हे आपोआप येतं. मूळ वाक्यात ते संदर्भातून कळतं. मराठी सहायक क्रियापद ते फुकटात देतं, तर घ्यावं.

ती त्याला ‘अहो’ का म्हणत नाही?

असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मराठी घरातली सत्तरीची बाई नवऱ्याला ‘तू’ म्हणताना कमी दिसते. ‘आवडता की तुम्ही मला’ जास्त मराठी वाटेल.

पण मूळ भाषेत दोघं एकमेकांना सारखंच ‘दू’ म्हणतात. स्वीडनमध्ये पूर्वी माणसाला हुद्द्याने, तृतीय पुरुषात संबोधायची रीत होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ती झपाट्याने मागे पडली. 1967 साली ब्रूर रेक्सेद हे सरकारी वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं. या बदलाची ती ठळक खूण मानली जाते. नवरा-बायकोत तर ‘दू’ आधीपासूनच दोन्ही बाजूंनी होतं. ‘अहो’ आणलं, की त्यांच्यात नसलेली एक पायरी आपण बांधतो. तेव्हा दोन्हीकडून ‘तू’ हेच बरोबर.

जुन्या काळातल्या गोष्टींत मात्र हा मुद्दा अनुवादकाच्या मदतीला येतो. तेव्हा दोन माणसांनी औपचारिक संबोधन सोडून ‘दू’वर येणं हा ठरवून केलेला लहानसा विधी असे. स्वीडिशमध्ये त्याला ‘पदव्या बाजूला ठेवणं’ म्हणतात, आणि फिनिशमधला त्यासाठीचा शब्द शब्दशः ‘तू-चा सौदा’ असा आहे. इंग्रजीत एकच ‘तू/तुम्ही’ असल्याने तिथे ही घडी सपाट होते. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येताना वाचकाला ती चटकन जाणवते.

माप आधीच लावून ठेवावं लागतं

पाचव्या प्रकरणातलं ‘आवडतोस’ वाचकाला जड वाटायचं असेल, तर काम पहिल्या प्रकरणात करावं लागतं. समजा, तोच म्हातारा सुरुवातीला माशाचं सूप पितो, तीन वाट्या संपवतो आणि म्हणतो, ‘काही वाईट नाही.’ हे वाक्य वाचकाच्या हातातला काटा जुळवतं. या माणसाच्या ‘वाईट नाही’ची किंमत तीन वाट्या, हे त्याला कळतं. अनुवादकाने तिथे ओघात ‘छान झालंय’ लिहिलं, तर तात्पुरतं काहीच बिघडत नाही. बिघडतं दोनशे पानांनंतर, मायेच्या वाक्यापाशी, कारण वाचकाकडे आता वखारीचा काटा आहे.

म्हणून अनुभवी अनुवादक कामाला लागण्याआधी पूर्ण मजकुरात भावनेची क्रियापदं शोधून त्यांची मोजणी करतात. ‘एल्स्का’ किंवा ‘राकास्ता’ एकूण किती वेळा आहे, कुणाच्या तोंडी आहे, माणसाबद्दल की वस्तूबद्दल? एखाद्या पात्राच्या तोंडी ते पूर्ण पुस्तकात एकदाच असेल, तर मराठीतही ‘प्रेम’ हा शब्द त्या पात्रासाठी तेवढ्या एका जागेपर्यंत राखून ठेवायचा. आधी कुठेतरी सोय म्हणून खर्च केला, तर तिथे द्यायला काही उरत नाही. ‘त्युका ऑम’साठीही होता होईल तो एकच मराठी शब्द शेवटपर्यंत धरायचा. दर वेळी नवा प्रतिशब्द वापरायची आपली सवय इथे नडते. शब्द परत परत भेटला तरच त्याचं वजन वाढत गेलेलं वाचकाला जाणवतं.

तळटीप देऊन सरळ सांगितलं तर?

एखाद्या अभ्यासाच्या पुस्तकात चालेल. गोष्टीत तळटीप नेमकी त्या क्षणी वाचकाची नजर पानाच्या तळाशी ओढते, आणि ‘हे वाक्य साधं दिसलं तरी खोल आहे’ असं कुणी कानात सांगितलं की खोली संपते. त्यापेक्षा कृतीचे तपशील नेमके उतरवणं जास्त उपयोगी पडतं. वरच्या प्रसंगात सगळी माया चुलीजवळच्या मोज्यांत आहे. ते मोजे कुठे ठेवले होते, कोरडे होते की ओले, हे गाळलं किंवा ढोबळ केलं, तर संवाद कितीही नीट जमला तरी तो हवेत राहतो. काटछाट करायचीच झाली तर ती निसर्गवर्णनात करावी, असल्या वस्तूंत कधीही नाही.

हलकं वाक्य कधी खरंच हलकं असतं का?

असतं, आणि प्रत्येक ‘आवडलं’मागे महासागर शोधणं ही दुसरी टोकाची चूक आहे. फिनिशमधला ‘इहान किवा’ हा शब्दप्रयोग घ्या. शब्दशः ‘अगदी छान’. प्रत्यक्षात बऱ्याचदा ‘ठीकच’. नव्या पडद्यांविषयी कुणी सपाट आवाजात ‘इहान किवा’ म्हटलं, तर पडदे आवडलेले नाहीत असं समजायला जागा आहे.

ओळखायचं कसं? तीन गोष्टी पाहाव्यात. हे वाक्य बोलण्याआधी कुणी काही केलं का, म्हणजे चूल पेटवली, बर्फ उपसलं, रात्री गाडी घेऊन आणायला गेलं? समोरच्याने उत्तर कसं दिलं. विषय बदलला, गप्प झाला, की सहज पुढे बोलत राहिला? आणि बोलणाऱ्याला हे वाक्य म्हणायची गरज होती का? गरज नसताना, कुणी विचारलेलं नसताना आलेलं हलकं वाक्य बहुधा जड असतं. विचारल्यावर आलेलं बहुधा जेवढं दिसतं तेवढंच.

काळ आणि वयही पाहावं लागतं. आजची तरुण स्वीडिश मुलं इंग्रजीच्या संगतीने ‘एल्स्का’ सढळ वापरतात, आइस्क्रीमबद्दलही आणि मैत्रिणीला पाठवलेल्या संदेशातही. तिथे ‘एल्स्कार देय’ आलं म्हणून मराठीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं गंभीर वाक्य लिहिलं तर ते उलट बाजूला चुकतं. पुष्कळदा ‘लव्ह यू’च योग्य, कारण मराठी मुलंही तेच म्हणतात. एकाच मालिकेत आजोबांचं ‘त्युका ऑम’ नातीच्या ‘एल्स्का’पेक्षा जड असू शकतं.

इंग्रजीमार्गे येताना काय सांडतं

मराठीत येणारा बराचसा मजकूर स्वीडिश-फिनिशमधून थेट येत नाही. आधी इंग्रजी होतं, मग आपलं. या वाटेवर दोनदा गळती होते. इंग्रजी अनुवादक कधी वाक्य चढवतो, कधी ‘लाइक’वर ठेवतो, ‘नूग’ बहुधा गळतो किंवा ‘बहुधा’ होऊन येतो, ‘दू’चा विधी सपाट होतो. अशा कामात पूर्ण मूळ भाषा येत नसली तरी एक गोष्ट करता येते: मायेची म्हणून वाटणारी आठ-दहा वाक्यं निवडायची आणि मूळ मजकुरात त्या जागी कोणतं क्रियापद आहे तेवढं पाहायचं किंवा भाषा जाणणाऱ्याकडून पाहून घ्यायचं. इंग्रजीत ‘लव्ह’ आहे आणि मुळात ‘पितॅ’ आहे असं आढळलं, की वाक्य पुन्हा खाली उतरवायचं. तो तासाभराचा उद्योग आहे आणि त्याने अख्ख्या पात्राचा स्वभाव वाचतो.

सबटायटलमध्ये जागेची अडचण वेगळी. सहसा एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, आणि पाटी फार तर सहा-सात सेकंद टिकते. दोन सेकंदांच्या दृश्यात तीन-चार शब्दच धड वाचून होतात. इथे अल्पोक्ती फायद्याची ठरते. ‘आवडतोस की तू मला’ आरामात बसतं, ‘तुला शब्दांत सांगता येणार नाही इतका’ बसत नाही. मात्र पाटी लवकर पुसायला हवी. ती बोलून थांबते आणि तो तीन सेकंद काहीच बोलत नाही, त्या तीन सेकंदांत तिचं वाक्य पडद्यावर रेंगाळलं तर प्रेक्षक तेच पुन्हा वाचत बसतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं राहून जातं.

आणि एक होकार तर लिहिताच येत नाही. उत्तर स्वीडनमध्ये माणसं ‘हो’ म्हणायला पुष्कळदा बोलत नाहीत, ओठ किंचित पुढे काढून झटकन श्वास आत घेतात; ऐकणाऱ्याला तो दचकल्याचा आवाज वाटतो. फिनलंडमध्येही श्वास आत घेत घेत ‘यो’ म्हटलेलं ऐकू येतं. ‘तू राहशील ना?’ या प्रश्नाला असं उत्तर आलं, तर पाटीवर ‘हो’ लिहावं का? प्रश्न वाचलेला प्रेक्षक चेहरा पाहून समजेल अशी खात्री असेल तर काहीच लिहू नये. आवाज ऐकून तो घाबरल्याचा गैरसमज होण्यासारखा असेल तर ‘हं’ पुरे, पुढे टिंबं न देता.